धागा: एकूण तीनच केट्या, तरी टीवायला प्रवेश नाही?

डोंबिवलीची_ताई | १२ जून २०२४, रात्री ९.४०

माझा धाकटा भाऊ मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजात बीएमएस करतो. एफवाय २०२२-२३ ला होतं, आता एसवाय संपलं. सेमिस्टर चारचा निकाल लागला आणि काल कॉलेजने सांगितलं की टीवायला प्रवेश मिळणार नाही, ड्रॉप लागला.

त्याच्या केट्या अशा आहेत: सेम एकमध्ये बिझनेस स्टॅटिस्टिक्स. सेम दोन आणि तीन क्लिअर. सेम चारमध्ये दोन, प्रॉडक्शन अँड टीक्यूएम आणि रिसर्च मेथड्स. सगळ्या मिळून तीन.

त्याच्याच वर्गातल्या मित्राला चार केट्या आहेत आणि त्याला टीवायचा फॉर्म मिळाला! खिडकीवर विचारलं तर "नियम आहे" एवढंच उत्तर. असा कुठला नियम, की ज्यात चारवाला पुढे जातो आणि तीनवाला घरी बसतो? घरी बाबांनी बोलणं टाकलंय, भाऊ जेवत नाही. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

---

ठाण्याचा_सूरज | १२ जून, रात्री १०.०५

ताई, सरळ सांगतो, कॉलेजवाले फसवतायत. एकूण चार केट्यांपर्यंत एटीकेटी मिळते, मी स्वतः चार घेऊन एसवायला गेलो होतो. तीन म्हणजे बिनधास्त प्रवेश. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, दोन दिवसांत सरळ होतील.

---

मुलुंडची_आई | १२ जून, रात्री १०.२२

माझाही हाच प्रश्न आहे. मुलगा दहावीला गणित आणि इंग्रजीत नापास झाला. त्याला एटीकेटीवर अकरावी मिळेल का? की दोन विषय म्हणजे जास्त झाले?

---

खिडकीआडचा | १२ जून, रात्री ११.१५

एका कॉमर्स कॉलेजच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. ज्या खिडकीवर तुम्हाला "नियम आहे" असं सांगितलं, तशाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचो. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

आधी मुलुंडच्या ताई: तुमचा प्रश्न राज्य मंडळाचा आहे, इथला विद्यापीठाचा. नावं सारखी, नियम वेगळे. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तर अकरावीला एटीकेटीवर प्रवेश घेता येतो. मुलगा बसतो त्यात. पुरवणी परीक्षेचा फॉर्म मात्र शाळेतून लगेच भरा.

आता डोंबिवलीच्या ताई. तुमचं कॉलेज बरोबर आहे. समजावलं नाही, एवढाच त्यांचा दोष.

केट्या एकूण किती, हे कुणी मोजतच नाही. कुठल्या सेमिस्टरला किती आणि कुठल्या वर्षाच्या, हे मोजतात. एसवायला जाताना सेम एकमध्ये दोनपेक्षा जास्त विषय राहिलेले चालत नाहीत आणि सेम दोनमध्येही दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. सूरजचे चार बहुतेक दोन अधिक दोन होते, म्हणून गेला. तेच चार तीन अधिक एक असते तर अडकला असता. सेम एकमध्ये तीन आणि सेम दोन पूर्ण क्लिअर, असा मुलगासुद्धा अडकतो, एकूण तीनच असले तरी.

टीवायला जाताना यावर आणखी एक कडी आहे. मागच्या दोन वर्षांपैकी एक वर्ष पूर्ण स्वच्छ लागतं. एफवायच्या दोन्ही सेम क्लिअर असतील तर तीन आणि चारमध्ये प्रत्येकी दोनपर्यंत चालतात. किंवा उलट, तीन आणि चार क्लिअर असतील तर एक आणि दोनमध्ये प्रत्येकी दोनपर्यंत. दोन्ही वर्षांत काही ना काही शिल्लक असेल तर टीवाय नाही, मग ते एकेकच का असेना.

भावाच्या मित्राचं एफवाय क्लिअर असणार आणि चारही केट्या एसवायच्या असणार. तुमच्या भावाचं एफवायचं एक शेपूट राहिलंय आणि एसवायलाही दोन आहेत. म्हणून तीनवाला घरी.

---

डोंबिवलीची_ताई | १२ जून, रात्री ११.३१

काका, मित्राला विचारलं. हो, त्याच्या चारही एसवायच्याच. म्हणजे भाऊ फक्त स्टॅटिस्टिक्समुळे अडकला? तो तर दीड वर्षं म्हणत होता, "एकच आहे गं, काढीन केव्हाही." सेम एकच्या एटीकेटी परीक्षेला मध्ये दोनदा संधी होती, एकदाही बसला नाही. म्हणे नियमित पेपरांच्या मध्येच तो पेपर येतो, अभ्यास होत नाही.

---

खिडकीआडचा | १२ जून, रात्री ११.४८

हेच मी शेकड्याने पाहिलं. एफवायची एकटी केटी एसवायच्या वर्षात काही बोलत नाही, कुणी हटकत नाही, फॉर्म मिळतो, वर्गात बसता येतं. ती टीवायच्या दारातच उभी राहते. तोवर एसवायची एखादी लागलीच, तर दोन्ही मिळून दार लावतात.

तरी लगेच ड्रॉप मानून बसू नका. तिन्ही केट्यांचे मार्क इथे लिहा. इंटर्नल वेगळे, एक्स्टर्नल वेगळे. एकूण लिहू नका, एकूणाचा उपयोग नाही.

---

ठाण्याचा_सूरज | १२ जून, रात्री ११.५५

काका, माझे दोन अधिक दोनच होते, बरोबर. पण मार्क बघून आता काय होणार? नापास तो नापास. आणि त्याच्या मार्कशीटवर डी ग्रेड असेल तर ती पण केटीच धरतात, तेही बघा.

---

खिडकीआडचा | १३ जून, सकाळी ७.१०

डी म्हणजे पास. चाळीस ते पंचेचाळीसच्या आतला. नापास फक्त एफ. दरवर्षी दोनतीन पालक डी बघून रडत यायचे, त्यांना चहा पाजून परत पाठवायचो.

---

डोंबिवलीची_ताई | १३ जून, सकाळी ८.०२

मार्कशीट समोर घेऊन लिहितेय.

सेम एक, बिझनेस स्टॅटिस्टिक्स: इंटर्नल २५ पैकी १७, एक्स्टर्नल ७५ पैकी २१.
सेम चार, प्रॉडक्शन अँड टीक्यूएम: इंटर्नल १५, एक्स्टर्नल २४.
सेम चार, रिसर्च मेथड्स: इंटर्नल ९, एक्स्टर्नल ४४.

हा शेवटचा मला कळतच नाही. ९ आणि ४४ म्हणजे ५३. शंभरात ५३ असून एफ कसा?

---

उशिरा_पण_इंजिनिअर | १३ जून, सकाळी ९.२०

पुण्याहून. आमच्याकडे हिशेबच वेगळा होता, तरी दुखणं सारखंच म्हणून लिहितो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं इंजिनिअरिंग, २०१९ पॅटर्न. तिथे विषय नाही, क्रेडिट मोजतात. पहिल्या वर्षाचे ४४, त्यातले निम्मे म्हणजे २२ मिळाले की दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणून पहिल्या वर्षी गणितं राहिली तरी मजेत पुढे गेलो. तिसऱ्या वर्षाला मात्र दुसऱ्याचे निम्मे क्रेडिट तर हवेतच, शिवाय पहिल्या वर्षाचे सगळे ४४ पूर्ण हवेत. माझा एम-टू राहिला. दुसऱ्या वर्षाचं जवळजवळ सगळं क्लिअर, तरी वायडी. एका गणितासाठी वर्षभर घरी. आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर सात वायडी होते, सहा एम-टूचे!

तुमच्या भावाला निदान "एफवाय राहू दे, एसवाय स्वच्छ कर" अशी उलटी सोय तरी आहे. आम्हाला तीही नव्हती.

---

खिडकीआडचा | १३ जून, सकाळी १०.४५

ताई, त्या ५३ च्या एफमध्येच सगळी गोष्ट आहे. सावकाश वाचा.

बीएमएसला प्रत्येक विषयाचे दोन भाग वेगळे पास व्हावे लागतात. इंटर्नल २५ पैकी १०, एक्स्टर्नल ७५ पैकी ३०. एका भागातले जास्तीचे मार्क दुसऱ्या भागाला उधार मिळत नाहीत. एक्स्टर्नलला ७४ असते तरी इंटर्नलच्या ९ वर तो विषय नापासच राहिला असता.

आम्ही परीक्षा विभागात या प्रत्येक भागाला हेड म्हणायचो. एका विषयाचे दोन हेड. हे लक्षात ठेवा, कारण केट्या मोजताना विषय मोजतात, ग्रेस देताना हेड मोजतात. मुलं या दोन मोजण्या एकच समजतात, तिथेच घोळ होतो. एखाद्या विषयात इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोन्ही उडाले तर केटी एकच, पण ग्रेसच्या दृष्टीने नापास हेड दोन.

आता ग्रेस. दोन वेगळे नियम आहेत, गॅझेटमध्ये मार्कांपुढे खुणा दिसतात त्या यांच्याच.

पहिला ५०४२-ए. यात कितीही हेडमध्ये मदत मिळू शकते, पण प्रत्येक हेडला चिमूटभर. पन्नासपर्यंतच्या हेडला २, त्याच्या वर शंभरपर्यंत ३. म्हणजे इंटर्नलला २ आणि एक्स्टर्नलला ३. सगळं मिळून त्या परीक्षेच्या एकूण मार्कांच्या एक टक्क्याबाहेर जायचं नाही. सात विषय, सातशे मार्क, म्हणून ७. आणि सगळ्यात मोठी अट: हे मार्क दिल्यावर पूर्ण सेमिस्टर सुटत असेल तरच देतात. तीन केट्यांच्या दोन करायला ग्रेस वापरत नाहीत. सुटला तर सगळा, नाहीतर काहीच नाही.

दुसरा ५०४५-ए. यात मदत मोठी, पण फक्त एका हेडला. बाकीचे सगळे हेड स्वतःच्या मार्कांवर पास पाहिजेत. मग त्या एका हेडला एकूणाच्या एक टक्का किंवा त्या हेडच्या दहा टक्के, यातलं जे कमी तेवढं मिळतं. सातशेचा एक टक्का ७, पंचाहत्तरचे दहा टक्के साडेसात. म्हणजे ७.

आता भावाला यात बसवून बघू.

सेम एक: एकच हेड नापास, स्टॅटिस्टिक्सचं एक्स्टर्नल. ३० ला ९ कमी. मिळू शकतात ७. नाही बसत. ठीक आहे.

सेम चार: टीक्यूएमला ६ कमी, रिसर्चच्या इंटर्नलला १ कमी. पहिल्या नियमाने एक्स्टर्नलला ३ च्या वर देता येत नाहीत, ६ हवेत. नाही बसत. दुसऱ्या नियमाने ६ आरामात मिळाले असते, पण त्याला नापास हेड एकच लागतो आणि इथे दोन आहेत. तेही नाही.

ताई, रिसर्चच्या इंटर्नलला ९ ऐवजी १० असते तर टीक्यूएमचे सहाच्या सहा मार्क मिळाले असते. सेम चार पूर्ण सुटला असता. सेम तीन क्लिअर आहेच. एसवाय स्वच्छ, एफवायची एक केटी चालते, आणि भाऊ आज टीवायच्या रांगेत असता. पंचवीस मार्कांच्या चाचणीतल्या एका मार्काने सहा मार्क नेले, आणि त्या सहा मार्कांनी वर्ष.

---

डोंबिवलीची_ताई | १३ जून, सकाळी ११.०६

हे वाचून मला पाचेक मिनिटं काही सुचलं नाही. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "इंटर्नल कोण बघतं."

---

ठाण्याचा_सूरज | १३ जून, सकाळी ११.२०

मग सोप्पं आहे! इंटर्नल कॉलेजच्याच हातात असतं. सरांना भेटा, एक मार्क वाढवून घ्या, काम झालं. सगळे करतात.

---

खिडकीआडचा | १३ जून, दुपारी १२.३०

सूरज, निकाल जाहीर झाल्यावर इंटर्नलचा आकडा हलवणं ही फेरफार आहे. त्यात शिक्षक जातो, मुलगाही जातो. एका मार्कासाठी हे सुचवू नकोस.

विचारण्यासारखं मात्र एक आहे. इंटर्नलचे २५ दोन तुकड्यांचे असतात, २० ची चाचणी आणि ५ वर्गातल्या सहभागाचे. ही बेरीज नीट चढली का, पाचातला आकडा टाकायचा राहिला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चूक असेल तर ती दुरुस्ती झाली. चाचणीच्या दिवशी भाऊ आजारी होता आणि कागद दिले होते, असं काही होतं का? तसं असेल तर ज्यादा चाचणी घ्यायला हवी होती.

---

डोंबिवलीची_ताई | १३ जून, रात्री ८.१५

आज रजा टाकून कॉलेजात गेले. सर चांगले होते, त्यांनी रजिस्टर दाखवलं. चाचणीत ६, सहभाग ३. बेरीज बरोबर. आजारी वगैरे नव्हता, चाचणी दिली आणि सहा आणले. त्या आठवड्यात कॉलेजचा फेस्टिव्हल होता आणि हा स्पॉन्सर शोधत फिरत होता.

म्हणजे इंटर्नलचं दार बंद. आता फक्त वर्ष घालवायचं ना?

---

आरएलई_वाली | १३ जून, रात्री ९.००

माझा अनुभव सांगते, भावाला वाचून दाखवा, म्हणजे पुढे गेल्यावरही तो निवांत होणार नाही. मी बीएएफ. एफवाय क्लिअर, सेम चारची एकच केटी घेऊन टीवायला गेले. सेम पाच, सहा पहिल्या फटक्यात पास. निकालाच्या दिवशी साइटवर टक्के नाहीत, नुसतं आरएलई. खालची परीक्षा राहिलीय म्हणून निकाल राखून ठेवलेला. कॅम्पसमधून एका कंपनीत निवड झाली होती, त्यांनी सप्टेंबरपर्यंत मार्कशीट मागितली. सेम चारची परीक्षा पुढच्या फेरीत, तिचा निकाल त्याच्याही पुढे. ती नोकरी गेली.

विषय होता फाउंडेशन कोर्स. लोक हसतात सांगितलं की.

---

मुलुंडची_आई | १३ जून, रात्री ९.१४

काका, फॉर्म भरला आज. धन्यवाद. पण हे इंटर्नलचं वाचून घाबरले. दहावीलाही तसं वेगळं पास व्हावं लागतं का?

---

खिडकीआडचा | १३ जून, रात्री १०.२०

मुलुंडच्या ताई, इथलं काही तिकडे लावू नका. शाळेत विचारा.

डोंबिवलीच्या ताई, दोन वाटा आहेत, दोन्ही एकदम धरा.

पहिली, सेम चार. टीक्यूएमच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि थोडीच असते, उद्याच जा. तुम्हाला ३० पर्यंत पोचायची गरज नाही, हे नीट समजून घ्या. २४ चे २७ झाले तर कमी पडतात ३, आणि ३ पहिल्या नियमात बसतात. रिसर्चच्या इंटर्नलचा १ त्याच नियमात बसतो. दोन्ही मिळून ४, मर्यादा ७. सेमिस्टर पूर्ण सुटतं. म्हणजे शोधायचे आहेत फक्त तीन मार्क.

फोटोकॉपी हातात आली की आधी बेरीज करा. मग प्रत्येक पोटप्रश्नापुढे आकडा आहे का बघा. शून्य दिलं असेल तर शून्य लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर ते उत्तर तपासायचं राहिलंय. पुरवणीतल्या उत्तरांचं असं होतं, पुरवणीचं पान चिकटून बसतं. "सरांनी कमी दिले" या भावनेवर पैसे घालवू नका, त्यातून क्वचितच काही निघतं.

दुसरी वाट, स्टॅटिस्टिक्स. तो एक पेपर सुटला तर एफवाय स्वच्छ होतं आणि सेम चारच्या दोन्ही केट्यांसकट टीवाय मिळतं. त्याचं इंटर्नल १७ कायम राहतं, बसायचं फक्त ७५ च्या पेपरला. सेम चारचे दोन काढण्यापेक्षा हा एक काढणं कमी ओझ्याचं. फॉर्म कधी निघतो ते विचारून ठेवा. मात्र त्याचा निकाल टीवायच्या प्रवेशाआधी येईल अशी आशा धरू नका. ती वाट पुढच्या वर्षासाठी, पहिली वाट या वर्षासाठी.

---

बदलापूर_लोकल | १३ जून, रात्री ११.०२

मध्येच घुसतो. स्टॅटिस्टिक्सच्या एटीकेटीला त्याला २८ पडले तर ग्रेस मिळेल का? माझ्या भाच्याला एटीकेटीच्या पेपरात २ कमी होते. कॉलेज म्हणालं, तू एकच पेपर दिलास, शंभराचा एक टक्का म्हणजे १ मार्क, २ कमी आहेत, नापास.

---

खिडकीआडचा | १३ जून, रात्री ११.२५

आमच्याकडे आम्ही पूर्ण सेमिस्टरच्या सातशेवरच टक्का धरायचो, कारण आधीचे मार्क पुढे आणून निकाल पूर्ण सेमिस्टरचाच लागतो. आमच्या सरांनी तसं टिपण करून ठेवलं होतं.

---

बदलापूर_लोकल | १३ जून, रात्री ११.३०

पण कॉलेजने मला छापील कागद दाखवला, त्यात "बसलेल्या परीक्षेच्या" असं होतं. मग खरं काय?

---

खिडकीआडचा | १३ जून, रात्री ११.५०

तो कागद कुणी काढला, कॉलेजने की विद्यापीठाने, त्यावर अवलंबून. भाच्याच्या बाबतीत लेखी विचारायला हवं होतं. डोंबिवलीच्या मुलाने मात्र ३० आणायचेच धरून अभ्यास करावा, ग्रेस धरून नाही.

---

सातारची_प्रिया | १४ जून, सकाळी ८.३५

माझी बहीण या वर्षी एफवायला जातेय. नवं शैक्षणिक धोरण लागू होतंय म्हणतात. मग हे दोन अधिक दोन तिलाही लागू का?

---

खिडकीआडचा | १४ जून, सकाळी ९.१०

नाही. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवी रचना येते, तिचा हिशेब क्रेडिटवर. शिवाय तुमचं विद्यापीठ वेगळं असणार. मी सांगितलेलं मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेतल्या मुलांचं, आणि त्यातही स्वायत्त कॉलेज असेल तर त्यांचे नियम त्यांचे. कुणीही या धाग्यावरून आपल्या मुलाचा निकाल ठरवू नये. ज्या वर्षी प्रवेश घेतला, त्या तुकडीचा नियम मागून घ्यावा.

---

उशिरा_पण_इंजिनिअर | १४ जून, सकाळी ९.४०

क्रेडिट आलं की आमच्यासारखं होईल. चार क्रेडिटचा विषय राहिला की दोन क्रेडिटच्या दोन विषयांइतका खड्डा. मोठे विषय आधी काढायचे, एवढं बहिणीला सांग.

---

डोंबिवलीची_ताई | २० जून, संध्याकाळी ७.२५

फोटोकॉपी मिळाली. काल रात्री मी, भाऊ आणि बाबा, तिघं जेवणाच्या टेबलावर ती पसरून बसलो होतो. बाबा बोलले, निदान एवढं तरी झालं.

बेरीज बरोबर आहे, २४ च. पण चौथ्या प्रश्नाचा ब भाग त्याने पुरवणीत लिहिलाय, दीड पान, फाइव्ह एसवर. त्यापुढे ना आकडा ना खूण. लाल शाई त्या पानावर नाहीच. भाऊ म्हणतो सात मार्कांचा होता.

---

खिडकीआडचा | २० जून, संध्याकाळी ७.५०

मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर पुरवण्यांची संख्या लिहायची चौकट असते. तिथे काय आहे?

---

डोंबिवलीची_ताई | २० जून, रात्री ८.०५

१ लिहिलंय. पर्यवेक्षकांची सही पण आहे.

---

खिडकीआडचा | २० जून, रात्री ८.१२

मग बाजू भक्कम आहे. अर्जात "मार्क कमी वाटतात" असं लिहू नका. "प्रश्न ४ ब, पुरवणी क्रमांक १, तपासलेला नाही" एवढंच लिहा, त्या पानाची प्रत जोडा, आणि पोच घ्या. त्याच अर्जाच्या शेवटी एक ओळ घाला की दुरुस्तीनंतर ५०४२-ए आणि ५०४५-ए नुसार निकाल पुन्हा पाहावा. ही ओळ नसेल तर नवे मार्क चढवतात आणि ग्रेस लावायचा राहून जातो, तसं झालेलं मी पाहिलंय.

---

ठाण्याचा_सूरज | २० जून, रात्री ८.३०

सातातले तीन मिळाले की झालं! मिळतील.

---

खिडकीआडचा | २० जून, रात्री ८.४१

उत्तरात काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही, सूरज.

---

डोंबिवलीची_ताई | २१ जून, दुपारी ४.५०

अर्ज दिला, पोच घेतली. बाईंनी ती शेवटची ओळ वाचून विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" पुढच्या शुक्रवारी यायला सांगितलंय. स्टॅटिस्टिक्सच्या एटीकेटीचा फॉर्म केव्हा निघणार ते पण विचारून ठेवलं. भाऊ सकाळपासून रिग्रेशन काढत बसलाय.